झारा, गिरणीचं चाक आणि दोन घरं

माझी आई ७२ वर्षांची आहे. माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं, शाळा दुसरीपर्यंत. वडील वाशीच्या बाजारात माथाडी होते. कांद्या-बटाट्याच्या गोणी वाहून त्यांनी कोपरखैरण्यात घर केलं, त्याला आता बरीच वर्षं झाली आणि त्यांना जाऊनही सहा. त्या घरात आता आई, दादा, वहिनी आणि नऊ वर्षांची माझी भाची असे चौघं राहतात. दादा-वहिनी सकाळी साडेआठला बाहेर पडतात. मी ऐरोलीला एका कंपनीत काम करते. लोकांच्या हातात ॲप द्यायचं आणि ते कुठं अडखळतात ते वहीत टिपायचं, हे माझं काम. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत भाचीनं आजीला टीव्ही शिकवायला घेतला तेव्हा सवयीनं मी वही उघडली. बहुतेक संध्याकाळी आणि रजा काढून दोन दुपारी मी तिथं बसले होते. पुढचं सगळं त्या वहीतलं.

आईची मागणी अगदी छोटी होती. जेवण झाल्यावर, एक ते चार या वेळात, कुणाला फोन न करता स्वतःच्या हातानं कीर्तन लावता यावं. एवढंच.

जुन्या टीव्हीवर तिला हे जमत होतं. लाल बटण दाबलं की काहीतरी सुरू असायचंच. मग हवं ते दिसेपर्यंत चॅनलचं बटण दाबत राहायचं. वाट एकच, पुढं नाहीतर मागं. चुकलं तरी फिरून तिथंच येता यायचं. दिवाळीत दादानं ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणला आणि आता सगळं वायफायवर येतं म्हणून केबल काढून टाकली. या टीव्हीत चालू केल्यावर काहीच सुरू होत नाही, नुसती चित्रांची भिंत समोर येते. एका चित्रात शिरलं की आत आणखी चित्रं, त्यातल्या एकात शिरलं की आणखी. रस्त्याच्या जागी वाडा आला होता आणि आपण कुठल्या खोलीत उभे आहोत हे आईला कळत नव्हतं. सहा महिने दादा सकाळी निघताना कीर्तन लावून जायचा. ते संपलं की टीव्ही आपल्या मनानं पुढचं काहीतरी लावायचा, आणि आई ते मुकाट बघायची. एकदा मी दुपारी गेले तर ती एका माणसानं जेसीबी धुतानाचा व्हिडिओ बघत बसली होती. "बंद कसा करायचा ते येतं," म्हणाली, "पन मग परत लावायचं येत न्हाई."

दादानं आधी भाषा बदलून पाहिली होती. टीव्हीची भाषा मराठी करता येते आणि त्यानं ती केली. उपयोग झाला नाही. आई मराठी वाचते, पण सावकाश, एकेक अक्षर जुळवत, आणि एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. नऊ-दहा फुटांवरून ते शब्द तिला मुंग्यांसारखे दिसायचे. जवळ जाऊन वाचले तर 'डिव्हाइस प्राधान्ये'. आता हे मराठी असलं तरी माझ्या आईचं मराठी नव्हे. शिवाय ॲपची नावं इंग्रजीच राहिली. भाचीनं सुट्टीच्या पहिल्याच दिवशी भाषा पुन्हा इंग्रजी केली, कारण तिला स्वतःला मराठी मेनूत काही सापडेना. आणि आजीला म्हणाली, "आज्जी, तू वाचूच नको. तू फक्त चित्रं बघ."

बोलून शोधायचा मार्गही एका संध्याकाळी करून झाला. माइकचं बटण दाबून आई "हरिपाठ" म्हणाली, टीव्हीनं इंग्रजीत भलतंच काहीतरी लिहून दाखवलं. आईनं रिमोट खाली ठेवला. "ह्याला माझी भाषा कळंना, मला ह्याची. मिटलं."

पहिला धडा फुकट गेला. लहान मुलं शिकवतात तसंच भाचीनं शिकवलं. रिमोट स्वतःच्या हातात, अंगठा टकाटक, "बघ, असं, असं, आणि मग असं." तीन सेकंदांत कीर्तन सुरू. आईला दिसलं ते इतकंच की पोरीचा अंगठा हलला आणि पडद्यावर उजेड झाला. मग रिमोट आईच्या हातात दिला, तेव्हा ती उठली, टीव्हीपाशी गेली आणि यूट्यूबच्या लाल चौकोनावर बोट ठेवलं. भाची हसून लोळली. मला मात्र हसू आलं नाही, कारण आईचं तर्कशास्त्र बरोबर होतं. मोबाइलवर व्हिडिओ कॉल ती हिरव्या चित्रावर बोट ठेवूनच घेते. चित्राला हात लावला की काम होतं, हे तिला कुणीतरी शिकवलेलंच होतं. इथं चित्र तिकडं आणि हात इकडं.

हीच या प्रकरणातली खरी गाठ. मेनू चालवणाऱ्या माणसाला पडद्यावर एक गोष्ट सतत दिसत असते: आत्ता आपण कशावर उभे आहोत. त्या चित्राभोवती पांढरी चौकट येते, चित्र किंचित मोठं होतं. आपण तिच्याकडे इतक्या सवयीनं बघतो की ती आहे हेच विसरून जातो. आईला ती चौकट दिसत नव्हती. एक तर बाण दाबताना तिची नजर रिमोटवर असायची, आणि मान वर करेपर्यंत चौकट सरकून गेलेली असायची. दुसरं म्हणजे दुपारी दोनला बाल्कनीतलं ऊन पडद्यावर येतं आणि पांढरी रेघ त्यात विरघळून जाते. मी पडदा ओढला. निम्मं काम त्यानं झालं.

उरलेलं निम्मं भाचीनं केलं. ल्युडोचा पट काढला आणि लाल सोंगटी आजीच्या हातात दिली. "ही तू. बाण दाबला की तू एक घर सरकतेस. मधलं गोल बटण दाबलं की तू त्या घरात शिरतेस." मग टीव्ही बंद ठेवूनच दोघी खेळल्या. भाची म्हणायची "उजवी", आजी रिमोटवरचं उजवं बटण दाबायची आणि दुसऱ्या हातानं सोंगटी सरकवायची. दहा-पंधरा मिनिटांत आईचा अंगठा रिमोटकडे न बघता चारही बाजू ओळखायला लागला. त्यानंतर टीव्ही लावला आणि भाचीनं एकच प्रश्न विचारला, "आज्जी, तू कुठंयस?" आईनं पडद्याकडं बघितलं, डोळे बारीक केले, आणि चौकटीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही का मी?"

"ही तू."

पुढचे आठ दिवस हाच प्रश्न शंभरदा आला. आई गोंधळली की भाची उत्तर सांगायची नाही, "तू कुठंयस?" एवढंच विचारायची. माझ्या कामात आम्ही याला भारी नावं देतो. पोरीनं ते दोन शब्दांत बसवलं.

मग चित्रांची नावं आली. भाचीनं वहीच्या पुठ्ठ्यावर स्केचपेननं नऊ चित्रं काढून कापली, आणि ती नावं सांगायला लागली: होम, सर्च, सेटिंग्ज. आईला नावं राहिनात. तिसऱ्या दिवशी तिनं भिंगाचं चित्र हातात घेऊन विचारलं, "ह्यो झारा कशाला?" गोल तोंड, लांब दांडा, झाराच तो. भाचीनं दुरुस्त केलं नाही, ही तिची हुशारी म्हणावी की आळस, पण त्या दिवसापासून झारा हेच नाव पडलं. दातेरी चक्राचं गिरणीचं चाक झालं. माइक म्हणजे कुल्फी. तीन आडव्या रेघा म्हणजे शेवया. मागं वळणारा बाण म्हणजे परतीचा.

कुठलं चित्र लवकर बसलं आणि कुठलं नाही, हे मी नीट टिपलं, कारण मला वाटलं होतं त्यापेक्षा ते वेगळं निघालं. आडवा त्रिकोण आणि दोन उभ्या काड्या आईला शिकवाव्याच लागल्या नाहीत. "हे टेपवरचं," म्हणाली. वडिलांनी १९८०च्या दशकात घेतलेल्या टेपरेकॉर्डरवर ती भजनाच्या कॅसेट लावायची, आणि तिथं चालू-थांबचं चिन्ह हेच होतं. कॅसेट गेल्या, चिन्ह राहिलं. कर्ण्यावरची काट मारलेली खूणही तिनं स्वतःच ओळखली, आवाज बंद. पण गिरणीचं चाक दिसायला ओळखीचं असूनही अर्थाला अडून बसलं. चाक आणि टीव्हीची भाषा, आवाज, इंटरनेट यांचा संबंध काय? दाखवून देण्यासारखा काहीच नाही. इंजिनिअरांच्या जगातली ती सांकेतिक गोष्ट आहे, ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. शेवटी भाचीनं तोड काढली: गिरणीत हात घालायचा नाही. चाक म्हणजे बाबा आल्यावर. मला हे आवडलं, कारण आईच्या कामात चाकाची गरज पडतच नव्हती. नऊ चित्रांतली चार तर नुसती 'हे आपलं नव्हे' एवढंच ओळखण्यासाठी होती, आणि तेही ओळखावं लागतंच.

सगळ्यात जास्त घोळ घातला तो सगळ्यात सोप्या चित्रानं. घर. रिमोटवर गोलाच्या खाली उजवीकडे घराचं बटण आहे. ते दाबलं की टीव्हीच्या पहिल्या भिंतीपाशी येतो. आणि यूट्यूबच्या आत डाव्या कडेला चित्रांचा जो उभा पट्टा असतो त्यातही घर आहे, हुबेहूब तसंच. ते यूट्यूबच्या पहिल्या पानावर नेतं. पाचव्या दिवशी आई यूट्यूबमध्ये कुठंतरी आत अडकली. "घरी जा" असं भाची स्वयंपाकघरातून ओरडली. आईनं पडद्यावरचं घर शोधलं, त्यात शिरली, आणि भिंत आलीच नाही. पुन्हा शिरली. पुन्हा तेच. चेहरा पडला. "मी घरीच हाय आनि तू म्हनतीस घरी जा."

भाचीला ते समजावता येईना. तिच्या दृष्टीनं दोन्ही घरं वेगळी हे इतकं उघड होतं की सांगायला शब्दच नव्हते. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनंच कोडं सोडवलं. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजे पडद्यावरचं घर त्या लाल डब्याचं. पावन्याचं घर. आनि हातातलं आपलं." तंतोतंत बरोबर. पाहुण्याच्या घरात कितीही फिरलं तरी आपलं घर येत नाही, त्यासाठी हातातलंच बटण. मी ही गोष्ट ऑफिसात सांगितली तेव्हा आमच्यातल्या एकानं फळ्यावर 'पावन्याचं घर' असं लिहून ठेवलं. अजून पुसलेलं नाही.

सातव्या दिवसापर्यंत आई टीव्ही लावून यूट्यूबपर्यंत पोचत होती. आम्ही खूश. आणि आठव्या दिवशी दुपारी क्रिकेटचं ॲप उघडलं, दुसऱ्यांदाही तेच, तिसऱ्यांदाही. आई म्हणाली, "मी बरोबर केलं. खाली एक, उजवीकडं तीन." तेव्हा उलगडा झाला. ती चित्राकडे बघून जातच नव्हती, मणी मोजल्यासारखी मोजून जात होती. आदल्या रात्री दादानं सामन्यांसाठी नवीन ॲप टाकलं आणि रांगेत पुढं आणून ठेवलं. लाल डबा एक घर सरकला, आईचं गणित मात्र जागच्या जागी.

दोष भाचीचा होता, आणि थोडा माझा. भाचीनं सोयीसाठी एक पट्टी काढून दिली होती: खालचा बाण, उजवा, उजवा, उजवा, गोल, त्यापुढं लाल डबा. मला ती छान वाटली होती. पण ज्याला पाठ करण्याची सवय आहे तो शेवटचं चित्र बघतच नाही, बाण पाठ करतो. आणि आईची सगळी हयात पाठांतरावर गेली, हरिपाठापासून माणसांच्या फोन नंबरांपर्यंत. मोजून शिकलेलं शिकलेल्यासारखंच दिसतं, म्हणून ते ओळखायची एकच युक्ती: चित्रांच्या जागा बदलून बघायच्या. दोन गोष्टी केल्या. पट्टी फाडली आणि नवी काढली, तिच्यात बाणांचा आकडाच नाही, एक लांब बाण आणि टोकाला लाल डबा. आणि पुढचे चार दिवस भाची रोज सकाळी लाल डब्याची जागा बदलून ठेवायची. ॲपच्या चित्रावर असताना मधलं बटण दाबून धरलं की एक छोटी यादी येते, तिच्यातून ते हलवता येतं. आईनं शिव्या घातल्या. पण तिसऱ्या दिवशी रांगेतून जाताना तिचे ओठ हलायचे थांबले. मोजणं सुटलं होतं.

ते झाल्यावर डबा पहिल्या जागी आणून ठेवला, आणि दादाला सांगितलं की आता याला हात लावायचा नाही. सेटिंगमध्ये नुसती ॲप दाखवायचीही सोय असते, शिफारशींच्या रांगा त्यामुळे निघून जातात. ती चालू केल्यावर भिंत बरीच मोकळी झाली. हे आधीच का केलं नाही असं कुणी विचारेल. आधी केलं असतं तर आई पुन्हा मोजूनच शिकली असती.

मधल्या बटणानं आणखी एक खोडी काढली. आईचं बोट जड आहे. ती बटण दाबते ते दळण दाबल्यासारखं, आणि सुमारे अर्धा सेकंद दाबून राहिलं की टीव्ही त्याला 'दाबून धरलं' समजतो. मग ॲप उघडायच्या ऐवजी ती छोटी यादी यायची, सगळी इंग्रजी अक्षरं, आणि तिच्यात ॲप काढून टाकायचाही पर्याय असतो. त्यात टीव्ही जरा मंद. बाण दाबल्यावर चौकट हलायला कधी सेकंदभर लागतो. आईला वाटायचं लागलंच नाही, म्हणून ती पुन्हा दाबायची, आणखी एकदा दाबायची, आणि मग टीव्हीला जाग येऊन चौकट एकदम तीन घरं उडायची. म्हणजे एक बटण जास्त वेळ दाबलं जात होतं आणि दुसरं जास्त वेळा. भाचीनं दोन्हींवर एकच औषध दिलं: "टिचकी मार, आणि चौकट हलेपर्यंत थांब." कॅरम खेळताना मारतो तशी टिचकी. आईनं कॅरम कधी खेळलेला नाही, पण भाकरी भाजली का ते बघायला तव्यावर जसं बोट टेकवून उचलतो तसं, असं ती स्वतःच म्हणाली, आणि तसंच करायला लागली.

आता या पद्धतीची मर्यादा. चित्रांवर सगळं चालतं ते चित्रं आहेत तोवर. टीव्ही मधेच अक्षरांची पाटी समोर आणतो: नवीन अपडेट आलंय, आत्ता करू की नंतर, तुम्ही अजून बघताय का, बाहेर पडायचं नक्की का. इथं ओळखायला चित्रच नाही, दोन सारख्या चौकोनांत इंग्रजी शब्द. रिमोटच्या खालच्या बाजूला कंपन्यांच्या नावाची जी बटणं असतात त्यातलं एखादं चुकून दाबलं गेलं तरी तेच, लॉगिन करा म्हणून पान भरून मजकूर. आईला अशी पाटी आली की ती टीव्ही बंदच करायची.

नियम मी सुचवला, त्याला आकार भाचीनं दिला. नुसती अक्षरं दिसली की परतीचा बाण, एकदा. तरी अक्षरं गेली नाहीत तर हातातलं घर. परतीचं बटण गोलाच्या खाली डावीकडे, घर उजवीकडे, दोन्ही सारखीच गुळगुळीत, म्हणून भाचीनं आजीच्या टिकल्यांच्या पाकिटातली मोठी लाल टिकली परतीच्या बटणावर चिकटवली. अंगठ्याला खडबडीत लागली की परत. कंपन्यांच्या बटणांवर पुठ्ठ्याची पट्टी ठेवून वरून सेलोटेप. टिकली दर चार-पाच दिवसांनी निघते, आई नवी लावते. हा नियम दर वेळी बरोबर ठरत नाही हे मान्य. 'अजून बघताय का' या पाटीला परत दाबलं की कधी कधी कीर्तनातूनच बाहेर पडायला होतं. पण बाहेर पडलेलं आईला आता परत लावता येत होतं, आणि चुकीच्या 'होय'पेक्षा ते बरं.

यूट्यूबच्या आतला शोध आम्ही सोडूनच दिला. झाऱ्यात शिरलं की अक्षरांची पाटी येते, तिथं आईचं काम नाही. त्याऐवजी भाचीनं आईच्या आवडीच्या तीन कीर्तनकारांची चॅनलं सबस्क्राइब केली. डाव्या पट्ट्यातून सबस्क्राइब केलेल्या चॅनलांच्या पानावर गेलं की त्यांचे गोल चेहरे ओळीनं दिसतात, आणि चेहरे वाचावे लागत नाहीत. तो डावा पट्टा आईला आधी दिसायचाच नाही. आपण त्याच्यावर नसतो तेव्हा तो आक्रसलेला आणि करडा असतो. "डावीकडं भिंतीला टेकेपर्यंत जा, मग तो उघडतो," हे भाचीचं वाक्य.

आणि एक गोष्ट आईनं आम्हाला शिकवली. एका दुपारी म्हणाली, "ती लाल रेघ म्हंजे मी हितपर्यंत ऐकलंय ना?" अर्धवट बघितलेल्या व्हिडिओच्या चित्राखाली लाल रेघ येते, जितकं बघून झालं तितकी लांब. भाचीला ती ठाऊक होती, पण सांगावंसं वाटलं नव्हतं. आईनं ती स्वतः जोडली होती: काल डोळा लागला तिथं रेघ अर्ध्यावर, परवाचं पूर्ण ऐकलं तिथं रेघ टोकापर्यंत. त्यानंतर ती नवं कीर्तन निवडताना आधी रेघ बघायची. पोथीत खूण ठेवतात तशी.

सुट्टीच्या शेवटच्या आठवड्यात भाची मामाकडे नाशिकला गेली. पहिल्याच दुपारी वीज गेली, पाऊण तासानं आली. टीव्ही लागला, भिंत आली, लाल डब्यात शिरलं तर नुसती अक्षरं. परत. पुन्हा शिरलं, पुन्हा अक्षरं. घर. पुन्हा तेच. आईनं तीनदा केलं, म्हणजे नियम पुरा वापरून झाला. खरं कारण साधं होतं: वीज आल्यावर वायफायचा डबा जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि टीव्ही त्याच्याआधीच तयार होऊन बसतो. हे आम्ही कुणी तिला सांगितलेलं नव्हतं.

तिनं दादाला फोन लावला. दादा म्हणाला, "सेटिंगमध्ये जा, नेटवर्क बघ." ती म्हणाली, "ठेव फोन." आणि नाशिकला लावला. ते बोलणं वहिनीच्या आईनं शेजारी बसून ऐकलं आणि मला जसंच्या तसं सांगितलं.

"चिमे, लाल डबा उघडंना."

"तू कुठंयस?"

"आपल्या घरी. डब्यावरच उभी हाय."

"आज्जी, वर उजवीकडं बघ, घड्याळाच्या बाजूला. गिरणीच्या चाकाजवळ काही आहे का?"

"पंख्यासारखं काहीतरी हाय. त्याला काट मारलीय."

"मग दारामागं तो पांढरा डबा आहे ना, त्याचे दिवे बघ."

आई उठून गेली असावी, कारण पलीकडं बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग आवाज आला, "एक लाल व्हता. आता हिरवा झाला बघ."

"आता शिर."

"शिरले," आई म्हणाली. "ठेवते. कालच्या रेघेवरच हाय अजून."